‘थोडं कमी करा ना’ याला उत्तर काय द्यायचं?

तुम्ही घरून मसाले विकत असाल, शिवणकाम करत असाल, ट्यूशन घेत असाल किंवा एखाद्या कंपनीत सेल्सची नोकरी करत असाल, एक वाक्य तुमच्या रोजच्या ओळखीचं आहे: ‘थोडं कमी करा ना.’ त्यावर बहुतेकांची उत्तरं दोनच असतात. एक म्हणजे ‘परवडत नाही हो,’ आणि दुसरं, दोन मिनिटांनी येणारं, ‘बरं, तुमच्यासाठी करते.’ पहिल्या उत्तराने गिऱ्हाईक जातं, दुसऱ्याने नफा जातो.

तिसरं उत्तर असतं, आणि ते आपल्या मराठीतच दडलेलं आहे. आपण व्यवहाराला ‘देवाणघेवाण’ म्हणतो. म्हणजे देणं आलं की त्याच्या शेजारी घेणंही आलं. भावात सूट देताना मात्र आपण फक्त ‘देवाण’ करतो आणि ‘घेवाण’ विसरतो. आजच्या लेखात एवढाच एक नियम समजून घेऊ: विकणाऱ्याने काहीही सोडलं, तर त्याच वेळी, त्याच वाक्यात, बदल्यात काहीतरी मागायचं.

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो हे पाहायला एक उदाहरण घेऊ. समजा, बडोद्यात राहणाऱ्या एक मराठी ताई घरून दिवाळीचा फराळ करून विकतात. एका कंपनीला कर्मचाऱ्यांसाठी २०० डबे हवे आहेत. डब्यात चिवडा, चकली, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू, एकूण एक किलो. ताईंनी दिलेला भाव आहे डब्याला ६०० रुपये. अटी साध्या आहेत: माल दिवाळीच्या तीन दिवस आधी, सगळा एकदम, शहरातल्या एकाच पत्त्यावर पोहोचवून देणार आणि पैसे माल मिळताच. सामान, गॅस, मदतनीस बायकांची मजुरी, डबा आणि टेम्पो धरून त्यांना एक डबा ४५० रुपयांना पडतो. म्हणजे एकूण बिल १,२०,००० रुपयांचं आणि त्यात नफा ३०,००० रुपयांचा.

दहा टक्के म्हणजे किती?

कंपनीचे खरेदी अधिकारी म्हणतात, “बेन, फक्त दहा टक्के कमी करा. एवढी मोठी ऑर्डर आहे.”

दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण ते कशाचे दहा टक्के आहेत? बिलाचे. १,२०,००० वर दहा टक्के म्हणजे १२,००० रुपये. ताईंचा खर्च मात्र एक रुपयानेही कमी होत नाही, त्यामुळे हे सगळे १२,००० त्यांच्या ३०,००० मधूनच जातात. उरतात १८,०००. गिऱ्हाइकाने मागितले दहा टक्के, ताईंच्या हातून गेले नफ्याचे चाळीस टक्के.

हेच उलट करून पाहा. ५४० रुपये भावात एका डब्यामागे नफा ९० रुपये. आधीचे ३०,००० कमवायचे तर ३३४ डबे विकावे लागतील. म्हणजे १३४ डब्यांची कढई जास्त तापवायची, आणि हातात तेवढेच पैसे. म्हणून ‘ऑर्डर मोठी आहे’ हे वाक्य ऐकून लगेच हुरळून जायचं नसतं. ६०० चा भाव सांगतानाच २०० डबे धरलेले होते. संख्या वाढली असेल तरच ती सुटीच्या बदल्यात मोजायची.

फुकट दिलेल्या सुटीचा आणखी एक तोटा असतो. ताईंनी एका दमात ६०० चे ५४० केले, तर समोरच्याच्या मनात पहिला विचार येतो, ‘म्हणजे आधीचा भाव फुगवलेलाच होता.’ दुसरा विचार, ‘आणखी मागितलं असतं तर आणखी मिळालं असतं.’ सूट मिळूनही तो खूश होत नाही. तो पुढचं मागायला लागतो.

आधी सगळी यादी ऐकून घ्या

म्हणून भावावर लगेच बोलायचं नाही. ताईंनी पहिलं वाक्य असं म्हणावं: “भावाचं बघू आपण. त्याआधी सांगा, आणखी काय काय हवंय तुम्हाला? सगळं एकदम समजलं की मला नीट हिशोब करता येईल.”

या प्रश्नामुळे पोतडी रिकामी होते. कळतं की कंपनीला डब्यावर आपलं नाव छापून हवंय. माल मकरपुऱ्याचं ऑफिस, वाघोडियाचा कारखाना आणि हालोलचा कारखाना अशा तीन ठिकाणी हवा आहे. पैसे मात्र महिन्याभराने मिळतील.

ताईंनी यातल्या प्रत्येक गोष्टीची किंमत कागदावर मांडली. दहा टक्के सूट म्हणजे १२,०००. तीन ठिकाणी माल पोहोचवायचा तर टेम्पोचे जास्तीचे ३,०००. नावाची छपाई डब्याला आठ रुपये, म्हणजे १,६००. महिनाभराची उधारी, दरमहा दीड टक्का व्याज धरलं तर साधारण १,६००. सगळं मान्य केलं, तर ३०,००० पैकी १८,२०० गेले आणि उरले ११,८००. वीस दिवसांच्या कष्टाचे.

आता विचार करा, या मागण्या एकदम न येता एकेक करून आल्या असत्या तर? आधी भाव उतरला असता. मग ‘नाव तर छापून देणारच ना?’ मग ‘तेवढं हालोलला पोहोचवा.’ प्रत्येक वेळी एवढ्याशा गोष्टीसाठी नाही म्हणणं जड गेलं असतं. घासाघिशीत माणूस एका मोठ्या मागणीने फारसा बुडत नाही. तो बुडतो एकामागून एक येणाऱ्या छोट्या मागण्यांनी.

तुम्हाला काय हवंय, ते लिहिलंय का?

इथेच बहुतेक विकणारे अडतात. समोरच्याकडे मागण्यांची यादी असते, आपल्याकडे नसते. ऐन वेळी काय मागावं सुचत नाही आणि आपण नुसते हसून ‘बरं’ म्हणतो. म्हणून बोलणी सुरू होण्याआधी दोन रकाने करायचे. एकात ‘मी काय देऊ शकते आणि ते मला कितीला पडतं’, दुसऱ्यात ‘मला काय हवंय आणि त्याने माझं किती वाचतं’.

ताईंच्या दुसऱ्या रकान्यात काय येईल? पहिलं, अर्धे पैसे आगाऊ. हातात रोख असली की तूप, बेसन आणि तेल घाऊक बाजारातून एकदम उचलता येतं आणि साधारण २,००० रुपये वाचतात. शिवाय अर्धे पैसे भरलेली कंपनी आयत्या वेळी ऑर्डर रद्द करत नाही. दुसरं, माल दोन खेपांत नेणं. २०० डबे एकदम द्यायचे तर शेवटच्या चार रात्री जागून काम होतं आणि मदतनिसांना जादा मजुरी द्यावी लागते. दोन खेपा झाल्या, तर ही २,५०० रुपयांची जादा मजुरी वाचते. तिसरं, कंपनीने स्वतःच्या गाडीने माल नेणं. त्यात खर्चात धरलेले टेम्पोचे १,००० वाचतात. चौथं, डब्यांची पक्की संख्या तीन आठवडे आधी.

ही यादी करताना एक गोष्ट शोधायची असते: समोरच्याला स्वस्तात पडते, पण आपल्याला महाग आहे, अशी वस्तू कोणती? कंपनीची गाडी ऑफिस आणि दोन कारखान्यांमध्ये रोज फिरतेच. तिच्यात काही खोकी ठेवणं कंपनीला जवळपास फुकट आहे, ताईंना मात्र त्याच कामाचे टेम्पोला ४,००० मोजावे लागले असते. अशा जागी दोघांचाही फायदा होतो. उलट भावातल्या एका रुपयाची किंमत दोघांना सारखीच असते, तुमचा रुपया गेला की तो त्याच्याकडे जातो. म्हणून फक्त भावावर अडून बसलेली बोलणी रस्सीखेच होतात, आणि यादी मोठी केली की देवाणघेवाण सुरू होते.

‘जर’ आधी, ‘तर’ नंतर

आता प्रत्यक्ष वाक्य. ते नेहमी ‘जर तुम्ही…’ ने सुरू करायचं आणि आपलं देणं शेवटी ठेवायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘मी वीस रुपये कमी करते, पण तुम्ही ॲडव्हान्स द्याल का?’ असं म्हटलं, की समोरचा पहिला अर्धा भाग ऐकून खिशात टाकतो आणि दुसऱ्यावर चर्चा सुरू करतो. दिलेली गोष्ट परत घेणं अवघड असतं.

ताई म्हणतात, “भाई, जर तुम्ही अर्धे पैसे ऑर्डरबरोबर दिलेत, बाकीचे शेवटची खेप मिळाल्यापासून १५ दिवसांत दिलेत, १२० डबे दिवाळीच्या दहा दिवस आधी आणि उरलेले ८० तीन दिवस आधी नेलेत, आणि माल तुमच्या गाडीने घरून उचललात, तर मी डबा ५८० ला लावते. नावाचे स्टिकर तुम्ही पाठवा, चिकटवण्याचे पैसे घेत नाही.”

अधिकारी म्हणतात, “ॲडव्हान्स आमच्याकडे जमत नाही.”

“हरकत नाही. मग ६०० चाच भाव ठेवू.”

या उत्तरात राग नाही आणि हट्टही नाही. सूट ज्या गोष्टीला बांधली होती ती गोष्ट गेली, म्हणून सूटही गेली. हे एकदा स्पष्ट झालं की अधिकारी आपल्या अकाउंट विभागाला फोन करतात, कारण आता ॲडव्हान्सची किंमत त्यांनाही दिसते: ४,००० रुपये.

समजा, सौदा ५८० ला ठरला. ताईंनी सोडले ४,०००. मिळवले: रोखीच्या खरेदीतले २,०००, जादा मजुरीचे २,५०० आणि टेम्पोचे १,०००, एकूण ५,५००. अर्धे पैसे तीन आठवडे आधी आले आणि अर्धे १५ दिवस उशिरा, त्यामुळे व्याजाचा जमाखर्च जवळपास फिटला. भाव कमी करूनही नफा ३०,००० चा ३१,५०० झाला. आणि अधिकारी आपल्या साहेबांना सांगू शकतात की त्यांनी डब्यामागे वीस रुपये उतरवले. त्यांनाही काहीतरी कमावल्याचं समाधान मिळालं.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक दीपक मल्होत्रा यांनी वाटाघाटींवर लिहिताना एक व्यावहारिक सल्ला दिला आहे: आपण काही सोडत असू तर ते सोडतोय हे शब्दांत सांगा, नाहीतर समोरच्याच्या ते लक्षातच येत नाही. ‘चिकटवण्याचे पैसे घेत नाही’ हे ताईंचं वाक्य तेच काम करतं. मुकाट्याने केलेलं जास्तीचं काम समोरच्याला तुमचं कर्तव्य वाटतं.

उठता उठता मागितलेले पाच डबे

सगळं ठरलं, चहा झाला, आणि दारातून अधिकारी म्हणतात, “बेन, मॅनेजर लोकांसाठी पाच डबे वरून टाका हं.”

हा क्षण अगदी निसरडा असतो. सौदा झाल्याच्या आनंदात आपण ‘हो हो’ म्हणतो. पाच डबे म्हणजे २,२५० रुपये, मघाशी जेवढं जास्त कमावलं त्याहून जास्त. इथेही तेच वाक्य: “देते ना. जर तुम्ही संख्या २०० ची २२० केलीत, तर पाच डबे माझ्याकडून.” वीस डब्यांवर १३० प्रमाणे २,६०० नफा, त्यातून २,२५० गेले तरी ताईंचं नुकसान नाही. आणि ते म्हणाले, “नको, २२० लागणार नाहीत,” तर ताई हसून म्हणतील, “मग आहे तेच ठेवू.”

बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. मागणीला किंमत लावली की एक गोष्ट आपोआप कळते: ती गरज होती की नुसती सवय. खरी गरज असेल तर माणूस बदल्यात काहीतरी देतो. सवय असेल तर सोडून देतो.

कुठल्या गोष्टी ‘मिळाल्या’ असं समजायचं नाही

‘पुढच्या वर्षीही तुम्हालाच ऑर्डर देऊ.’ हे वाक्य गोड आहे, पण ते घेणं नाही. घेणं ते, ज्यात आकडा आणि तारीख लिहिता येते. पुढच्या ऑर्डरच्या बदल्यात सूट मागत असतील तर म्हणायचं, “पुढच्या ऑर्डरच्या बिलात ती सूट देते.” म्हणजे ऑर्डर आली तरच सूट जाते.

दुसरं, जे कायद्याने आधीच तुमचं आहे, ते सूट देऊन विकत घ्यायचं नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही स्वतः माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि लेखी करार केला तरी ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. त्यामुळे ‘आमच्याकडे पैसे ९० दिवसांनीच मिळतात, ४५ दिवसांत हवे असतील तर दोन टक्के सोडा’ असं कुणी म्हटलं, तर ते तुमचीच वस्तू तुम्हाला विकत आहेत. ॲडव्हान्स मात्र कायद्याने मिळत नाही, तो मागून घ्यावा लागतो. म्हणून त्याच्या बदल्यात सूट देण्यात अर्थ आहे. दुसऱ्यांचा तयार माल आणून नुसता विकणाऱ्या व्यापाऱ्यांना हे उशिराच्या पैशांचं संरक्षण मिळत नाही, त्यांनी पैशांची तारीख सौद्यातच पक्की करावी.

तिसरं, ठरलेलं सगळं त्याच दिवशी लिहून पाठवा. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरतात: ‘२०० डबे, ५८० रुपये. हा भाव अर्धे पैसे आगाऊ, बाकी शेवटच्या खेपेनंतर १५ दिवसांत, दोन खेपा आणि तुमची गाडी या अटींवर. अट बदलल्यास भाव ६००.’ शेवटची ओळ गाळू नका. आठवड्याने गाडी मिळत नाही असा फोन आला, की भांडणाऐवजी ती ओळ बोलते.

कुठे हा नियम लावायचा नाही

प्रत्येक गोष्टीचा सौदा करणारा माणूस नकोसा होतो, हेही खरं. चिवडा मऊ पडला म्हणून तुम्ही दुसरा देत असाल, तर ती सवलत नाही, ती तुमची जबाबदारी आहे. तिथे ‘जर-तर’ काढायचं नाही. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाच्या हातावर लाडू ठेवायचा तर तो मनापासून, कुणी न मागता ठेवावा. मागणीच्या दबावाखाली दिलेल्या भेटीला भेट म्हणत नाहीत. संध्याकाळी उरलेली भाजी विकणाऱ्याने पाच रुपये सोडले तर तो शहाणपणाच करतो, कारण त्या भाजीची उद्याची किंमत शून्य आहे. आणि शेजारचे चार जण तसाच डबा ५२० ला देत असतील, तर प्रश्न सुटीचा नाहीच, तुमचा मूळ भाव किंवा खर्च तपासायला हवा.

बाकी ठिकाणी मात्र पुढच्या वेळी ‘थोडं कमी करा ना’ ऐकलं की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. आज रात्री वहीत ते दोन रकाने करून ठेवा. शिकवणी घेणाऱ्याला तीन महिन्यांची फी एकदम हवी असेल, शिवणकाम करणारीला लग्नसराईच्या आधी माप हवं असेल, सोसायटीच्या वायरमनला चार घरांचं काम एकाच दिवशी हवं असेल. तुमच्या दुसऱ्या रकान्यात काय येतं, ते तुम्हालाच माहीत. ते लिहिलेलं असलं, की ‘जर तुम्ही…’ या शब्दांनी सुरू होणारं वाक्य ऐन वेळी तोंडात येतं.